बांधावरची हजेरी

रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणासाठी मी तलासरीच्या एका पाड्यावर गेले होते. मातीच्या नव्या बांधापाशी मी मजुरांच्या हजेरीचं मस्टर वाचायला घेतलं, तर जमलेल्या बायका म्हणाल्या, "थांबा ताई. नाव घ्याल तसं ज्याने जिथे माती टाकली, तिथे तो उभा राहील."

उन्हात हे काय नवीन, म्हणून मी वैतागले. पण नाव घेतलं की माणूस न अडखळता आपल्या जागी जाई. बघता बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत बांध माणसांनी भरला. मी टेप लावली, लांबी सरकारी मोजमाप पुस्तकातल्या नोंदीशी जुळली.

मस्टरवर मात्र अजून नावं उरली होती. मी ती वाचली. कुणीच पुढे आलं नाही.

टोकाला उभी म्हातारी म्हणाली, "बोलवा ना त्यांना. पण उभं कुठे करणार?"