हा भाव कुठपर्यंतचा?

मालकांनी खरेदी पहिल्यांदा माझ्या हातात दिली, तेव्हा दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आठवीत शाळा सोडून हिंगोलीकडून तळेगावातल्या या छोट्या फर्निचर कारखान्यात आलेला मी. हत्यारं कळत होती. भाव कळतील याची खात्री नव्हती. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनची टेबलं करायची होती, त्यासाठी अठरा एमएमचे शंभर प्लायवूड बोर्ड हवे होते. खरेदी चुकली तर ऑर्डर लांबणार आणि माझ्यावरचा भरवसा जाणार.

भोसरीचा व्यापारी चौरस फुटाला सत्तर म्हणाला, गुजरातचा बासष्ट. एक बोर्ड बत्तीस चौरस फुटांचा. पंचवीस हजारांच्या वर वाचत होते. मी गुजरातवाल्याला फोनवर हो म्हणून टाकलं. कारखान्यातले सुतार हसून म्हणाले, "शेठ झालास की राव."

हिशेब मालकीणबाई बघायच्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांनी एकच विचारलं, "अरे, हा भाव कुठपर्यंतचा? त्यांच्या गोदामापर्यंतचा की आपल्या करवतीपर्यंतचा?"

मी विचारलंच नव्हतं. पुन्हा फोन केला. भाव गोदामातला होता. ट्रकभाडं पंधरा हजार, उतरवायची हमाली हजार, दोन्ही आपल्याकडे. माल गोदामाबाहेर पडला की तुटफूट आपली. पैसे आधी पूर्ण, आणि ट्रक भरेल तेव्हा निघणार.

वहिनींनी प्लायच्या तुकड्यावरच पेन्सिलने मांडलं. मागे बाहेरून माल आणला तेव्हा शंभरात पाच बोर्डांचे कोपरे चेचले होते. तेवढेच धरले, तर सगळा खर्च पंच्याण्णव चांगल्या बोर्डांवर बसत होता: बोर्ड बावीसशे सत्तावन्नला. भोसरीचा दारात पोच बावीसशे चाळीसला. तो दुसऱ्या दिवशी माल टाकणार, वाकडा बोर्ड बदलून देणार आणि पैशाला पंचेचाळीस दिवस थांबणार. टेबलं दहा दिवसांत होणार होती, कंपनी बिलानंतर तीस दिवसांत पैसे द्यायची. म्हणजे कंपनीचे पैसे आधी येणार, त्यातूनच त्याचे जाणार. गुजरातला पूर्ण रक्कम आधी पाठवली असती तर त्या महिन्याचे पगार अडकले असते.

फरक बोर्डामागे सतराच रुपयांचा, पण माझे कान तापले. मी म्हटलं, वहिनी, मी तर शब्द दिलाय, आता तुम्हीच बोला.

"शब्द तू दिलास, तूच मागे घे. पैसे गेले नाहीत अजून."

मी फोन लावला, चूक माझी आहे असं सांगितलं. तो थोडा कुरकुरला, मग ठीक आहे म्हणाला. भोसरीवाल्याकडून मात्र पोच, बदली आणि मुदत, तिन्ही व्हॉट्सअॅपवर लिहून मागितलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. जाडी मोजली, तीन बोर्ड जाडीला कमी भरले, ते त्याच टेम्पोने परत गेले आणि संध्याकाळपर्यंत बदलून आले.

टेबलं वेळेत गेली. मालकांना सगळं कळलं होतं. तरी पुढच्या आठवड्यात बिजागऱ्यांच्या खरेदीची यादी त्यांनी माझ्याच हातात दिली.