साहेबांचं स्टॅबिलायझर

अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं काम केलं. आम्ही संडास धुण्याचं निळं लिक्विड बनवायचो. त्यात ब्लीच असायचं, आणि ब्लीच निळ्या रंगाला खाऊन टाकायचं. बाटली दुकानात पोचेपर्यंत पाण्यासारखी दिसायची.

आमचे साहेब पीएचडी होते आणि ते समोरच्याला पाच मिनिटांत कळेल याची काळजी घ्यायचे. एके दिवशी त्यांनी कुठलीशी पांढरी पावडर आणली आणि जाहीर केलं, "हे स्टॅबिलायझर. रंग धरून ठेवतं."

लिक्विडच्या बाटल्या चाळीस डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. दर दोन दिवसांनी साहेब स्वतः स्पेक्ट्रोफोटोमीटरपाशी यायचे. नमुन्यातून प्रकाश सोडून रंगाने त्यातला किती गिळला, म्हणजे अ‍ॅब्झॉर्बन्स किती, हे ते मशीन सांगतं. काचेचा छोटा चौकोनी क्युव्हेट नेहमी धुरकट बाजूने धरायचा, हे कॉलेजातल्या पोरांनाही ठाऊक असतं. साहेब फरसाण खाल्लेल्या बोटांनी तो पारदर्शक बाजूने धरायचे. मी मागून पुसून घ्यायचे.

सहा दिवस आकडा तीनच्या आसपास. आठव्या दिवशी २.७, बाराव्या दिवशी दीड.

"बघ! सहा दिवस रंग जागचा हलला नाही," साहेब म्हणाले. "आधी स्टॅबिलायझर काम करतं, मग संपतं."

"सर, स्टॅबिलायझर न घातलेली बाटली पण लावायची का?"

"दिसतंय ना डोळ्यांना? कशाला वेळ घालवतेस?"

मी क्युव्हेट पुसायला घेतला. एमएस्सी फर्स्ट क्लास, आणि फरसाणाचे डाग पुसणं.

काचसामान धुणाऱ्या मावशी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. पहाटे घरचा मासळीचा धंदा आवरून इथे यायच्या. एका दुपारी त्या फ्रिजमध्ये ठेवलेले उरलेले नमुने बेसिनमध्ये ओतत होत्या. मला हाक मारली.

"मॅडम, ही पहिल्या दिवसाची, ही सहाव्या दिवसाची. बाटलीत दोन्ही काळ्याभोर दिसतात. पण बघा ना ओतल्यावर."

पांढऱ्या बेसिनवर एक ओघळ गडद निळा होता आणि दुसरा त्याच्या निम्म्यानेही नव्हता. पातळ थरात फरक लगेच कळत होता. माझे कान तापले.

आमचं मशीन तीनच्या वर वाचूच शकत नव्हतं. तीन म्हणजे हजारातला एक भाग प्रकाश पलीकडे पोचतो. मशीनमध्ये इकडून तिकडून शिरणारा भटका प्रकाशच तेवढा असतो. रंग त्याहून कितीही दाट असू दे, आकडा तीनच. सहा दिवस साहेब मशीनची मर्यादा मोजत होते आणि तिला स्वतःचा शोध समजत होते.

मी नव्याने बाटल्या लावल्या, पावडरवाल्या आणि बिनपावडरच्या. आधी पाण्यात रंगाची वेगवेगळी द्रावणं करून पाहिली. दुप्पट रंगाला दुप्पट आकडा येत होता, पण दीडच्या पुढे रेघ वाकायला लागायची. म्हणून दर वेळी नमुना दहापट पातळ करून लगेच वाचला. सुरुवातीला १.२, चार दिवसांनी ०.६, आठ दिवसांनी ०.३, बारा दिवसांनी ०.१५. दर चार दिवसांनी उरलेल्याचा अर्धा. ब्लीच इतकं भरपूर होतं की ते जणू घटतच नव्हतं. त्यामुळे वेग फक्त उरलेल्या रंगावर ठरत होता; केमिस्ट्रीत याला फर्स्ट ऑर्डर म्हणतात. आकड्यांचे लॉग घेऊन दिवसांसमोर मांडले तर पहिल्या दिवसापासून सरळ उतरती रेघ. पावडर असो की नसो, उतार तोच.

मालकांसमोर मीटिंग झाली. मी आलेख ठेवले. साहेबांनी चष्मा लावला, आलेख पाहिला आणि एक क्षणही न अडखळता म्हणाले, "करेक्ट. हेच मी हिला सांगत होतो, डायल्यूट करून बघ. फर्स्ट ऑर्डर आहे, मी पहिल्यापासून म्हणतोय." वर माझ्याकडे बघून हसले.

मालकांनी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"बाटली अपारदर्शक करू," साहेब म्हणाले. "रंग दिसलाच नाही तर उडाला कुणाला कळणार?"

मालकांना ते पटलं. पीएचडीचा एवढाच उपयोग झाला. त्या माणसाची मला आजही किळस येते.

मग मालकांनी मला विचारलं, "पण चूक लक्षात कशी आली?"

"मला शंका आली होती, सर," मी म्हणाले. पटकन. विचार न करता.

खाली आले तर मावशी पिपेट धुवत होत्या. "काय झालं हो वर? ते ओघळांचं सांगितलंत का?"

"हो," मी म्हणाले. "सगळं सांगितलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी डब्यातली सुक्या बोंबलांची चटणी काढली. मी ती खाल्ली. छान झाली होती.