क्लच प्लेटचं बिल

माधवनगरजवळच्या ट्रॅक्टर गॅरेजचे जीएसटीचे कागद मी सांगलीच्या माझ्या छोट्या ऑफिसातून सांभाळते. ट्रॅक्टरच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला, त्याच आठवड्यात गॅरेजच्या काकांनी फोनवर विचारलं होतं, "ताई, बिलात काय लावायचं?" मी घाईत होते. म्हटलं, दुरुस्ती म्हणजे एकच काम. एका ओळीत लिहा, सगळ्यावर अठरा.

तीन आठवड्यांनी दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार ट्रॅक्टर न्यायला आले होते आणि बिल हातात घ्यायला तयार नव्हते.

"मी येते," म्हणाले खरी, पण स्कूटर सुरू करण्याआधी जीएसटी खात्याचं जुनं परिपत्रक उघडलं. गाडीच्या दुरुस्तीत सुटे भाग आणि मजुरी यांची किंमत वेगवेगळी दाखवली असेल, तर ज्याचा त्याचा दर. मला हे माहीत होतं. तरी मी घाईत उत्तर दिलं होतं. वाटेत दोनदा चुकीच्या वळणावर गेले.

गॅरेजात हवालदार खुर्ची असूनही उभे होते. "आवं ताई, क्लच प्लेट दुकानात पाच टक्क्यांनी मिळती. हितं बसवली की अठरा कशी झाली?"

मी काकांकडं त्या दुरुस्तीची नोंद, म्हणजे जॉब कार्ड मागितलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात भाव होते: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, गिअर ऑइल आणि खाली मजुरी. सगळं आधीच वेगळं ठरलेलं. एका ओळीत गुंडाळलं होतं ते माझ्या सांगण्यावरून.

"चूक माझी आहे," मी दोघांनाही म्हटलं.

खरेदीच्या पावत्या बघून नवीन बिल केलं. दोन्ही प्लेटांवर पाच. ऑइलवर आणि मजुरीवर अठरा. जुन्यावर 'रद्द' लिहून ते फाइलला लावलं.

हवालदारांनी बिल वाचलं. "मग मजुरी कमी लिवा की, अन् प्लेटचा भाव वाढवा. एकूण तेवढंच, कर वाचंल."

काका माझ्याकडं बघू लागले. क्षणभर मलाही वाटलं, चुकीची भरपाई होऊन जाईल.

"न्हाई जमायचं," शेवटी काकाच म्हणाले. "हात माझं राबल्यात. मजुरी हाय तेवढीच लिवणार."

हवालदार हसले नाहीत, पण पैसे देऊन गेले.

मला मात्र बसवेना. त्या तीन आठवड्यांत अशी अकरा बिलं गेली होती. संध्याकाळपर्यंत आम्ही प्रत्येकाचं जॉब कार्ड शोधलं, जास्त घेतलेल्या कराची क्रेडिट नोट केली. काका एकेकाला फोन लावत होते, "गड्या, तुझं पैसं जास्त घेतल्यात, येऊन घिऊन जा." पलीकडचा माणूस आधी विश्वासच ठेवायचा नाही.

एका कार्डावरचा फोन नंबर लागत नव्हता. तो शेतकरी अजून सापडलेला नाही. क्रेडिट नोट माझ्या टेबलावर आहे.