सोमवारचा अंदाज

वाळूजच्या आमच्या कारखान्यात पॅकिंग विभागाच्या भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावरचा आलेख माझा. रोज सकाळी सातला तो ताजा व्हायचा. मागच्या बारा कामाच्या दिवसांत किती खोकी गेली त्याचे काळे ठिपके, त्यांतून जाणारी एक सरळ निळी रेघ, आणि तीच रेघ पुढचे सहा दिवस वाढवलेली. मागचं-पुढचं सगळं एकाच निळ्यात. मला ते सुटसुटीत वाटलं होतं. काय माझी अक्कल!

पॅकिंगचे सुपरवायझर बजाजनगरचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. एका सोमवारी रेघ चढती दिसली म्हणून त्यांनी आठवडाभरासाठी जादा कंत्राटी माणसं बोलावली. मंगळवारी एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल घेणं थांबवलं. ठिपके धाडकन खाली आले. रोज सकाळी रेघ नव्या ठिपक्यांसकट पुन्हा आखली जायची आणि आणखी झुकायची. शनिवारपर्यंत ती गेलेल्या सोमवार-मंगळवारवरही उतरतीच दिसत होती, जणू अंदाज आधीपासूनच उतरता होता.

शनिवारी मॅनेजरसाहेब टीव्हीसमोर उभे राहिले. "अंदाज तर उतरता आहे. मग एवढी माणसं कुणाला विचारून बोलावली?"

"साहेब, सोमवारी रेघ वर चढत व्हती. ताईंना इचारा."

मी सांगितलं, खरं आहे. रेघ रोज नव्याने आखली जाते, जुनी पुसली जाते. साहेब म्हणाले, "मला जे दिसतंय ते मी बघतोय." मोबाईल गेटवर जमा होतात, त्यामुळे कुणाकडे फोटोही नव्हता.

जेवण सोडून मी सोमवार सकाळपर्यंतचेच आकडे घेतले आणि रेघ पुन्हा काढली. चढतीच आली. कागद घेऊन धावत गेले. साहेबांनी तो नीट पाहिला. "हे तुम्ही आज काढलंय ना?"

हो म्हणण्यावाचून मी काय करणार होते? माझ्याच रेघेने मला खोटं पाडलं होतं. मला रडू आलं, आणि त्या माणसासमोर आलं याचा राग जास्त आला.

पुढच्याच आठवड्यात सुपरवायझरांना भंगार यार्डात पाठवलं. आता आलेख वेगळा आहे. काळे ठिपके म्हणजे झालेलं. अंदाजाची रेघ तुटक, भगवी, शेवटच्या ठिपक्याच्या पुढेच. खाली कोणत्या सकाळचा अंदाज ते लिहिलेलं. रोजचा अंदाज संगणकातल्या एका तक्त्यात साठतो आणि मागच्या दिवसांवर तोच, न बदलता दिसतो. साहेब म्हणाले, "आता कसं, स्पष्ट!"

परवा कँटीनमध्ये सुपरवायझर भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी आता सोमवारचा अंदाज सोमवारचाच ऱ्हातो?"

"राहतो, काका."

"लई चांगलं केलं." त्यांनी ताटातली भाकरी मोडली. "मंग माझा सोमवार बी दाखवा की साहेबांना एकदा."

तक्त्यातली पहिली नोंद त्यांची बदली झाल्यानंतरची आहे. त्यांचा सोमवार त्यात नाहीच.