कॉफीला येता का, इतकंच

दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरबाईंनी सव्वीस वर्षांत लोकांना हजारो निरोप धाडले असतील, पण त्यातला एकही स्वतःसाठी नव्हता. त्यामुळे त्या गुरुवारी दुपारी, बहिणीच्या घरी बसून, कवळीवाल्यांना कॉफीला बोलवायला फोन हातात घेतला तेव्हा बोटांनी सवयीनं लिहिलं: 'नमस्कार. शनिवारी सकाळी दहा वाजता कॉफीची वेळ ठरवली आहे. दहा मिनिटे आधी यावे. येणार असल्याची खात्री द्यावी.'

शेजारी बसलेली भाची हसून हसून लोळायला लागली. "मावशी, अगं कॉफी पाजणार आहेस की दाढ काढणार आहेस?"

बाईंनाही हसू आलं. त्यांनी सगळं खोडलं.

कवळीवाले म्हणजे दवाखान्याला कवळ्या आणि कॅप बनवून देणारे कारागीर. दर मंगळवारी डबा काउंटरवर ठेवायचे, सही घ्यायचे आणि पाच मिनिटं बोलत उभे राहायचे. बोलणं कसलं, तर कुणाच्या कवळीला कुठला रंग शोभेल, नाहीतर पेपरातलं कोडं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. बाईंनी लग्नच केलं नव्हतं. गेल्या महिन्यात कवळीवाल्यांनी काम मुलीवर सोपवलं आणि मंगळवार सुने झाले. बाईंना ती पाच मिनिटं हवी होती. आता आपण विचारलं नाही तर ही ओळख इथेच संपणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"या वयात परक्या पुरुषाला कॉफी?" ताई आतून हात पुसत बाहेर आल्या. "लोक तोंडात शेण घालतील. निदान काहीतरी कारण तरी काढ. लिही, की दाढ दुखतेय, सल्ला हवाय."

"मग ते सल्ला द्यायला येतील, ताई. कॉफीला नाही. आणि मी दुखरी दाढ आणू कुठून?"

भाचीनं फोन ओढून घेतला आणि भराभर लिहिलं: 'तुमची खूप आठवण येते. प्लीज या, नाही म्हणू नका. मी वाट बघतेय.' शेवटी तीन हसरे चेहरे.

बाई ते वाचून चक्क चिडल्या. "'नाही म्हणू नका' कशाला? आला माणूस तर नाइलाजानं येईल. माझ्यावर काय कमी लोकांनी असे नाइलाज लादले? 'तूच कर, तुला कुठे संसार आहे', हे ऐकून मी आईजवळ अकरा वर्षं राहिले. हौसेनंही राहिले असते कदाचित. पण विचारलं कुणी?"

बाई लिहायला बसल्या. 'कधीतरी भेटू' लिहिलं आणि पुसलं. कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे काउंटरवर बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. मग 'जमत नसेल तर अजिबात संकोच करू नका, मला मुळीच वाईट वाटणार नाही, खरंच' असं लांबलचक लिहिलं, तेही पुसलं. इतकी मोकळीक दिली की तिचंच ओझं व्हायचं. शिवाय वाईट वाटणारच होतं, खोटं कशाला बोला?

उरलं ते असं: 'नमस्कार, मी दवाखान्यातली काउंटरवाली. मंगळवारच्या गप्पा चुकल्यासारख्या वाटतात. शनिवारी सकाळी दहाला वाचनालयासमोरच्या कॅफेत कॉफी घ्यायची का, अर्धा-पाऊण तास? नाही जमलं तरी हरकत नाही, तसं कळवा.'

"एवढंच?" भाची म्हणाली.

"एवढंच." आणि ताईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी निरोप पाठवून टाकला.

उत्तर यायला तासभर लागला. तोवर बाईंनी ताईंच्या घरातली सगळी कपाटं आवरली.

'नमस्कार. विचारलंत, आनंद झाला. पण नाही जमणार. मला आता फारसं कुणाला भेटावंसं वाटत नाही. आपण बऱ्या असाल, अशी आशा.'

ताईंनी खांद्यावरून वाचलं. "झालं समाधान? कापून घेतलंस नाक! आण तो फोन. लिहू दे मला, 'सहज गंमत केली होती, गैरसमज नको.' निदान अब्रू तरी वाचेल."

"हात लावू नकोस!" बाईंचा आवाज इतका चढला की भाची उठून उभी राहिली. "मी गंमत केली नव्हती. मनापासून विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं. पाहुण्यांचा, तब्येतीचा बहाणा केला नाही. तसं त्यांना सांगता आलं ना? मग माझं लिहिणं चुकलं नाही."

त्यांनी लिहिलं, 'स्पष्ट कळवलंत, बरं वाटलं. काळजी घ्या.' पुन्हा कधी, पुढच्या शनिवारी, असलं काही जोडलं नाही. फोन पर्समध्ये टाकला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"रडतेस आणि वर तोंड करून बोलतेस," ताई म्हणाल्या. "लाज वाटत नाही?"

"वाईट वाटतंय, ताई. खूप वाईट वाटतंय. लाज नाही वाटत."