तिसरी फुली

कर्जतला हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा इंजिनिअरिंग मॅथ्सचा क्लास आहे. तिथे गणितं सोडवायला मी शेवटी शिकवतो. आधी जुने पेपर. एकेका पोराला दहा वर्षांच्या पेपरांचा गठ्ठा द्यायचा आणि प्रत्येक फर्स्ट ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशनपुढे फक्त प्रकार लिहून घ्यायचा: लिनिअर, एक्झॅक्ट, होमोजिनिअस, जो असेल तो. सोडवायचं नाही, नुसतं रूप बघायचं. चुकला की लाल फुली. तीन फुल्या झाल्या की गठ्ठा टेबलावर ठेवून जिना उतरायचा, परत यायचं नाही. हा नियम माझाच आणि त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कडावची एक मुलगी त्या वर्षी आली. दुसऱ्या सेमिस्टरच्या मॅथ्समध्ये दोनदा नापास. हा तिसरा प्रयत्न. विषय सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता आणि बापानं खालापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम बघूनही ठेवलं होतं. हे तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं, डोळे खाली न करता. मला ती तिथेच खटकली. अडलेली माणसं मान खाली घालून बोलतात, अशी माझी समजूत होती.

ती मला शंका विचारायची नाही, माझं उत्तर तपासायची. मी फळ्यावर लिहिलं की तिचं पेन खाली काहीतरी ताडून बघत असायचं. दोन फुल्या मी तिला जरा आनंदानेच दिल्या. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना एका जुन्या पेपरातलं हे गणित निघालं:

dy/dx = y / (2y log y + y − x)

छेदात वायचा लॉग, एक्स एकटा आणि पहिल्या घाताचा. असं रूप दिसलं की मी डोळे मिटून सांगतो: उलटं करा, डीएक्स बाय डीवाय घ्या, एक्समध्ये लिनिअर. माझ्या फाइलीत कित्येक वर्षं तेच लिहिलेलं होतं. तिने लिहिलं होतं एक्झॅक्ट. मी फुली मारली आणि म्हणालो, झाल्या तीन, गठ्ठा ठेव.

ती उठली, पण जिन्याकडे न जाता फळ्याकडे गेली. न विचारता खडू घेतला. सगळं एका बाजूला आणून लिहिलं:

y dx + (x − y − 2y log y) dy = 0

मग डीएक्ससोबतच्या भागाचं वायने डेरिव्हेटिव्ह काढलं: एक. डीवायसोबतच्या भागाचं एक्सने: तेही एक. दोन्ही सारखी, म्हणजे एक्झॅक्ट. दोन ओळींचं काम. खाली तिने लिहिलं की लिनिअरही बरोबर, एक्झॅक्टही बरोबर.

वीस पोरं माझ्याकडे बघत होती. मला कळलं होतं. पहिली ओळ संपायच्या आतच कळलं होतं. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

"पेपर तपासणाऱ्याला काय हवं ते लिहायचं असतं," मी म्हणालो. "शहाणपणा घरी."

तिने गठ्ठा टेबलावर आपटला आणि ती गेली. तीन आठवडे ती कशावर अभ्यास करणार, हा विचार माझ्या मनात आला होता. तरी मी हाक मारली नाही. उलट त्या बॅचला तासभर शिस्तीवर बोललो.

निकालानंतर ती आली, भर क्लासमध्ये, चपला दारात काढून. म्हणाली, विषय सुटला. मी पेढे मागायच्या सुरात काहीतरी बोललो, ते तिने ऐकलंच नाही. तिला तिचा गठ्ठा हवा होता. त्यातून तिने तो एक पेपर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हितं बरोबर लिवा, सर."

"आता कशाला गं? झालीस ना पास."

"पास मी झाले. फुली तुमची हाय."

मला संताप आला, नंतर लाज वाटली, मग पुन्हा संताप आला. पोरं वह्यांत तोंड घालून ऐकत होती. मी फुली खोडली, शेजारी 'बरोबर' लिहिलं. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला, बाकीचा गठ्ठा तसाच सोडला. पाया पडणं, आभार मानणं यातलं काहीही न करता ती जिना उतरली.

माझ्या फाइलीत आता त्या गणितापुढे दोन प्रकार आहेत. तीन फुल्यांचा नियम मात्र मी मोडलेला नाही. फक्त फुली आता पेन्सिलने मारतो.