दर्शनाचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — माहीत नाही.

बारावीत नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होते. पालघरहून रोज बोईसरला, कॉलेज आणि मग क्लास. सराव परीक्षेत चुकलेल्या उत्तरांचे गुण कापले जायचे आणि मी दर वेळी खाली घसरायचे. घरी मात्र सगळं छान आहे म्हणायचे. एक दिवस कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमकडे गेले. त्यांनी आधीच सांगितलं — इथलं बोलणं इथंच राहतं. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला ते माझ्यापुरतं ठेवता येत नाही.

मी म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीला जीव नकोसा झालाय. आपण येता-जाता म्हणतो तसंच. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तिला मरावंसं वाटतं का?"

इतकं सरळ! तो शब्द असा उच्चारता येतो, हेच मला ठाऊक नव्हतं. खोलीत काही कोसळलं नाही. उलट मला श्वास घेता आला. मी हो म्हटलं. काही ठरवलंय का तिनं? माहीत नाही म्हटलं. कोण ती?

ती मीच होते हो. पण तोंडातून आलं — दर्शना. बोईसरजवळच्या नवापूरची, क्लासात माझ्याच बाकावरची.

मॅडमनी तिला बोलावलं, तिच्याशी एकटीशी बोलल्या. तसं काही नाही, असं ती म्हणाली, तरी तिला सांगून तिच्या आईलाही बोलावलं. नियमच तो. आई बाजारातून मासळीची पाटी तशीच टाकून आली. लेकीला एकटी सोडू नका, तिच्याशी बोलत राहा, एवढंच मॅडम म्हणाल्या. क्लास बंद करा असं नाही. पण घरचे हबकले. तिचा क्लास बंद झाला.

दर्शना मला जिन्यात भेटली. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. तिनं माझा हात धरला.

"तुजंच हाय ना ते? जा, सांग. मॅडम रागवत नाय."

कसं कळलं तिला? आणि कळूनही — एवढं मन कुठून आणलं तिनं? आजही आठवलं की मी थक्क होते. मॅडमच्या दारापर्यंत तीच घेऊन आली.

मी माझं सगळं सांगितलं. मॅडमनी मला सांगून आईबाबांना बोलावलं, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, फार वाईट वाटलं तर आधी कुणाला फोन करायचा हे माझ्याकडूनच ठरवून घेतलं. दर आठवड्याला भेटत राहिल्या. मी वाचले.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणि दर्शनाबद्दल बोललीस, ते?"

एका वाक्याचं काम होतं. तिचा क्लास पुन्हा सुरू झाला असता. पण मग मी खोटारडी ठरले असते — त्या मॅडमपुढे.

"ते खरं होतं," मी म्हटलं.

आज मी डॉक्टरकीला आहे. दर्शना नीटला बसलीच नाही. ती नवापूरला आईबरोबर मासळी सुकवते, आणि मी सुट्टीत गेले की माझा अभ्यास कसा चाललाय ते विचारते.